दुकानात वाजलेले इअरबड्स घरच्या फोनमध्ये का दिसत नाहीत?

प्रश्न: राजारामपुरीतून वडिलांसाठी नवीन वायरलेस इअरबड्स घेतले. दुकानदारांनी स्वतःच्या फोनला जोडून ऐकवले, तेव्हा दोन्ही कानांत व्यवस्थित वाजत होते. घरी कळंब्याला आल्यावर वडिलांच्या अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथ चालू केले, पण यादीत नावच येत नाही. केस उघडली की दिवा हळू लुकलुकतो आणि थोड्या वेळाने बंद होतो. एकदाच नाव आले, जोडले, तर फक्त उजव्या कानात आवाज. वस्तू खराब आहे का?

उत्तर:

वस्तू खराब असण्याची शक्यता मला कमी वाटते. तुमच्या अडचणीचे मूळ बहुधा दुकानातल्या त्या प्रात्यक्षिकात आहे. त्यात दुकानदारांचे काही चुकले असे नाही. ग्राहकाला आवाज ऐकवल्याशिवाय माल देऊ नये, हे मीही माझ्या दुकानात पाळतो. मात्र त्यामुळे एक गोष्ट घडते, आणि ती ग्राहकाला सांगायची बहुतेक वेळा राहून जाते: इअरबड्स नवीन असले तरी त्यांची ‘पहिली जोडणी’ दुकानातच होऊन गेलेली असते. खोक्यातल्या कागदावर ‘केस उघडा, फोनमध्ये नाव दिसेल’ असे लिहिलेले असते, ते कोणत्याही फोनशी कधीच न जोडलेल्या इअरबड्ससाठी असते. तुमचे इअरबड्स त्या अवस्थेत आता राहिलेले नाहीत.

हे नीट समजण्यासाठी पेअर करणे आणि कनेक्ट होणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे लक्षात घ्यावे लागेल. पेअर करताना फोन आणि इअरबड एकमेकांची ओळख करून घेतात, एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघेही आपापल्या स्मृतीत साठवून ठेवतात. हे एका फोनशी साधारणपणे एकदाच करावे लागते. कनेक्ट होणे म्हणजे त्या साठवलेल्या किल्लीच्या आधारे पुढे रोज आपोआप जोडले जाणे. केस उघडून बड बाहेर काढला की तो जागा होतो आणि सर्वांत आधी आपल्या स्मृतीतल्या शेवटच्या फोनला हाक मारतो. ही हाक फक्त त्या एका फोनसाठी असते. इतर फोनना ‘मी इथे आहे’ असे तो त्या वेळी सांगत नसतो, आणि म्हणून वडिलांच्या फोनने कितीही शोधले तरी यादीत नाव येत नाही. तुमचे इअरबड्स कळंब्यात बसून राजारामपुरीतल्या दुकानदारांच्या फोनला शोधत आहेत. ब्लूटूथची रोजच्या वापरातली पोच साधारण दहा मीटरची असल्यामुळे तो फोन सापडणे शक्य नाही.

शेवटचा फोन सापडला नाही तर पुढे काय करायचे, हे प्रत्येक कंपनीने वेगळे ठरवलेले असते. काही इअरबड्स थोडा वेळ हाका मारून झाल्यावर आपणहून पेअरिंग मोडमध्ये जातात, म्हणजे जवळच्या सगळ्या फोनना दिसू लागतात. काही इअरबड्स नुसतेच थांबून बंद होतात. तुम्हाला एकदाच नाव दिसले, यावरून तुमचे इअरबड्स पहिल्या प्रकारचे असावेत, किंवा बड हाताळताना तुमच्याकडून योग्य जागी जास्त वेळ दाब बसला असावा. यांपैकी काय झाले ते मी इथून सांगू शकत नाही. मात्र दोन्ही शक्यतांमध्ये पुढची कृती तीच आहे. नशिबाने नाव दिसण्याची वाट पाहू नये, इअरबड्सना हाताने पेअरिंग मोडमध्ये टाकावे.

त्याआधी चार्जिंग पाहून घ्या, कारण अर्धवट चार्ज असलेले बड असेच फसवे वागतात. बड केसमधून बाहेर काढून त्यांच्या तळाशी असलेले बारीक धातूचे ठिपके बघा. नवीन मालात या ठिपक्यांवर किंवा केसमधल्या पिनांवर प्लास्टिकची पातळ पारदर्शक पट्टी असते. वाहतुकीत बड चालू होऊन बॅटरी उतरू नये म्हणून ती लावलेली असते. दुकानात दाखवताना ती काढली गेली असेलच, पण दोन्हीकडची काढली आहे याची खात्री करा. एका बाजूची पट्टी राहिली, तर तो बड केसमध्ये बसूनही चार्ज होत नाही. दुकानात जेमतेम वाजतो आणि घरी येईपर्यंत मान टाकतो. पट्टी नसेल तर दोन्ही बड केसमध्ये ठेवून झाकण लावा आणि केसला अर्धा-पाऊण तास केबल जोडून ठेवा. बड केसमध्ये नीट बसला की बहुतेक केसमधले चुंबक त्याला आत ओढून घेते आणि हलकी टिचकी जाणवते. ती जाणवली नाही तर काढून पुन्हा बसवा.

आता पेअरिंग मोड. केसवर तळाशी, मागे किंवा पुढे छोटे बटण आहे का ते पाहा. असेल तर दोन्ही बड आत ठेवून, झाकण उघडे ठेवून ते बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा. एअरपॉड्सच्या ज्या केसना मागे बटण आहे त्यांचीही अँड्रॉइडला जोडण्याची पद्धत हीच आहे, तिथे दिवा पांढरा लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरायचे असते. केसवर बटणच नसेल, तर काम बडवरच्या स्पर्शाच्या जागेतून होते: काही मॉडेलमध्ये दोन्ही बड केसमध्ये असताना, तर काहींमध्ये बाहेर काढून, दोन्हींवर एकाच वेळी बोट काही सेकंद धरावे लागते. तुम्ही मॉडेलचे नाव दिलेले नाही, त्यामुळे तुमच्यासाठी नेमकी कोणती पद्धत ते मला सांगता येणार नाही. खोक्यातला घडीचा कागद उघडून त्यातले चित्र पाहा. त्या कागदावर अक्षर बारीक असते, म्हणून लोक तो टाकून देतात, पण किती सेकंद आणि कुठे दाबायचे हे तिथेच असते.

मोड लागला की नाही हे ओळखायची खूण म्हणजे दिव्याची चाल. रंगाविषयी नियम सांगता येत नाही. कोणाचा निळा-लाल आळीपाळीने लागतो, कोणाचा नुसता पांढरा. चाल मात्र सहसा बदलते: जुना फोन शोधताना दिवा संथ लुकलुकतो आणि पेअरिंग मोडमध्ये तो भरभर लुकलुकतो किंवा दोन रंगांत आलटून पालटून लागतो. तुम्ही ‘हळू लुकलुकतो आणि थोड्या वेळाने बंद होतो’ असे लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला हा सर्वांत उपयोगी तपशील आहे, कारण त्यावरून इअरबड्स जिवंत आहेत, जागे होत आहेत, फक्त भलत्याच फोनच्या शोधात आहेत, असा अर्थ निघतो. दाबून धरल्यावर दिव्याची चाल बदलली की बोट लगेच उचला. अनेक मॉडेलमध्ये तेच बटण आणखी जास्त वेळ दाबले की संपूर्ण रीसेट होतो.

दिव्याची चाल बदलल्यावर फोनकडे वळा. पेअरिंग मोड काही मिनिटेच टिकतो, म्हणून फोन आधीच हाताशी, अनलॉक करून ठेवा. वडिलांच्या फोनमध्ये Settings उघडून Bluetooth किंवा Connected devices या भागात जा आणि Pair new device वर बोट ठेवा. वरून खाली ओढायच्या पट्टीतले ब्लूटूथचे चिन्ह निळे करून थांबू नका. त्याने फक्त ब्लूटूथ चालू होते, नव्या वस्तूचा शोध मात्र या पानावर गेल्यावरच नीट सुरू होतो. हे पान उघडे असेपर्यंतच शोध चालतो, त्यामुळे मध्येच मागे येऊ नये किंवा स्क्रीन बंद होऊ देऊ नये. काही इअरबड्स जवळ उघडल्यावर अँड्रॉइडमध्ये खालून त्यांच्या चित्रासह एक खिडकी आपोआप वर येते. ती आली तर तिथूनच जोडा. त्यासाठी इअरबड्समध्ये तशी सोय असावी लागते आणि फोनचे लोकेशनही चालू असावे लागते, त्यामुळे ती आली नाही म्हणून काही बिघडले असे समजू नये. कंपनीचे ॲप टाकल्याशिवाय जोडता येणार नाही असा अनेकांचा समज असतो, पण आवाज ऐकण्यासाठी आणि कॉलसाठी साधारणपणे त्याची गरज नसते.

यादीत सुरुवातीला नावाच्या जागी अंक-अक्षरांची जोडी जोडीने लिहिलेली लांब ओळ दिसू शकते. काही सेकंद थांबा, तिथे नाव येते. एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या आणि त्यांतल्या एकीच्या सुरुवातीला LE असे लिहिलेले असेल, तर ती सोडून दुसरी निवडा. नावावर बोट ठेवल्यावर पेअर करण्याची परवानगी विचारणारी चौकट येते. तिच्यातच संपर्क यादी आणि कॉलची नोंद इअरबड्सना पाहू द्यायची का, असा एक छोटा चौकोन असतो. तो रिकामा ठेवला तरी गाणी आणि कॉल दोन्ही चालतात, त्यामुळे वडिलांच्या फोनवर मी तरी तो रिकामाच ठेवेन.

उजव्याच कानात आवाज येण्याचे कारण याहून वेगळे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. दोन्ही बड स्वतंत्र आहेत, त्यांच्यात तार नाही. फोनला एकच जोडी दिसावी यासाठी दोन्ही बड आधी आपसात जोडलेले असावे लागतात. कारखान्यातून ते तसेच येतात. पण एकच बड केसबाहेर असताना, किंवा एकाची बॅटरी उतरलेली असताना पेअर केले, तर काही मॉडेलमध्ये फोन त्या एकट्या बडशीच जोडला जातो आणि दुसरा बाहेर राहतो. विशेषतः स्वस्त किंवा जुन्या बनावटीच्या मालात यादीत नावापुढे L आणि R लावलेल्या दोन ओळी येतात. तिथे माणूस साहजिकच दोन्ही जोडायला जातो, आणि मग ती जोडी फुटते. अशा वेळी एकाच ओळीवर बोट ठेवायचे असते, दुसरा बड पहिल्याला आपोआप येऊन मिळतो.

तुमच्या बाबतीत नेमके काय झाले, हे पुढच्या तपासणीवरून कळेल. उजवा बड केसमध्ये ठेवून झाकण लावा आणि फक्त डावा बाहेर काढा. डाव्यावर दिवा असूनही तो अजिबात लागला नाही, तर अडचण चार्जिंगची आहे. पट्टी, ठिपक्यांवरची घाण आणि बसण्याची जागा पुन्हा पाहा. डावा लागला आणि एकटा फोनला जोडून वाजलाही, तर दोन्ही बड सुस्थितीत आहेत, फक्त त्यांची आपसातली जोडी सुटली आहे. अशा वेळी रीसेट करावा लागतो. (फोनच्या Accessibility विभागात डाव्या-उजव्या आवाजाचा तोल बदलण्याची एक पट्टी असते. ती एका टोकाला सरकली असेल तरीही असेच होते, म्हणून रीसेट करण्यापूर्वी एकदा ती पाहून घ्यावी.)

रीसेट करताना क्रम फार महत्त्वाचा आहे. ओळखीची किल्ली दोन्ही बाजूंना साठवलेली असते, हे वर सांगितलेच आहे. फोनमध्ये नाव खोडले तर फक्त फोनची बाजू पुसली जाते, आणि इअरबड्स रीसेट केले तर फक्त त्यांची. एकच बाजू पुसली की दुसरी जुनी किल्ली पुढे करत राहते आणि जोडणी होता होता तुटते, किंवा पिन किंवा पासकी चुकीची असल्याचा इंग्रजी संदेश येतो. तुम्ही कधी पिन टाकलेलाच नसल्यामुळे तो संदेश गोंधळात टाकतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘दोन्हीकडच्या किल्ल्या जुळत नाहीत’ एवढाच असतो. म्हणून आधी वडिलांच्या फोनमध्ये इअरबड्सच्या नावाशेजारच्या दातेरी चाकाच्या चिन्हात जाऊन Forget निवडा. L आणि R अशा दोन नोंदी असतील तर दोन्ही काढा. त्यानंतर दोन्ही बड केसमध्ये ठेवून कागदात दिल्याप्रमाणे रीसेट करा. बटण असलेल्या अनेक केसमध्ये झाकण उघडे ठेवून दहा सेकंदांच्या आसपास दाबावे लागते आणि दिव्याची खूण बदलते. मग झाकण लावून थोडे थांबा, पुन्हा उघडा, आणि दोन्ही बडना एकमेकांना शोधायला थोडा अवधी दिल्यानंतरच फोनमध्ये Pair new device वर जा. रीसेटमुळे दुकानदारांच्या फोनची ओळखही पुसली जाते, त्यामुळे ज्या मालाचे प्रात्यक्षिक झालेले आहे त्यासाठी मी रीसेट हाच सर्वांत स्वच्छ मार्ग मानतो.

माझ्याकडे उचगावहून आलेल्या एका काकांचे प्रकरण तुमच्याशी मिळतेजुळते होते, फरक एवढाच की त्यांचे इअरबड्स दुसऱ्या ज्या फोनला शोधत होते तो फोन घरातच होता. तक्रार अशी की घरी यादीत नाव येत नाही, पण दुकानात माझ्यासमोर केस उघडली की काही सेकंदांत येते. घरी जमत नाही आणि बाहेर जमते, म्हणजे घरात असे काहीतरी आहे जे बाहेर नाही, असे समजून मी विचारले की खोके सर्वांत आधी कोणी उघडले. नातवाने उघडले होते आणि आपल्या फोनला लावून पाहिले होते. काकांनी घरी केस उघडली की इअरबड्स वरच्या खोलीतल्या नातवाच्या फोनला गुपचूप जोडले जात, दिवा विझत असे, आणि काकांना वाटे की ते बंद पडले. माझ्या दुकानात तो फोन नव्हता, म्हणून थोडे शोधून ते आपोआप पेअरिंग मोडमध्ये येत. आम्ही तिथेच काकांच्या फोनशी पेअर केले, आणि घरी गेल्यावर नातवाच्या फोनमधून नाव Forget करायला सांगितले. तेवढ्याने काम झाले, रीसेटचीही गरज पडली नाही. तुमच्याही घरात कोणी मधल्या काळात आपल्या फोनवर ते लावून पाहिले असेल, तर आधी त्या फोनचे ब्लूटूथ बंद करा आणि मगच पुढचे सारे करा.

घरात त्याच मॉडेलची आणखी एक जोडी असेल, तर यादीत तेच नाव दोनदा दिसेल. दुसऱ्या जोडीची केस बंद करा, पान पुन्हा उघडा आणि जे नाव उरते ते तुमचे. जोडल्यावर दातेरी चाकाच्या पानात नाव बदलून ‘बाबा’ असे काही ठेवले की पुढे घोटाळा होत नाही.

जोडणी झाली असे फोन म्हणतो, पण गाणे फोनच्याच स्पीकरवर वाजते, असेही कधी होते. त्याच दातेरी चाकाच्या पानात Phone calls आणि Media audio अशी दोन वेगळी बटणे असतात. दुसरे बंद असेल तर फक्त कॉल कानात येतात. ते चालू केले की गाणे इअरबड्समध्ये येते.

सगळे जमल्यावर एक तपासणी अवश्य करा. दोन्ही बड केसमध्ये ठेवून झाकण लावा, फोनवर Connected हा शब्द जाईपर्यंत थांबा, आणि मग कोणतेही बटण न दाबता पुन्हा बाहेर काढा. काही सेकंदांत ते आपोआप जोडले गेले आणि दोन्ही कानांत आवाज आला, तर किल्ली दोन्ही बाजूंना नीट साठली आहे. वडिलांना रोज एवढेच करायचे आहे: काढायचे, कानात घालायचे. पेअरिंगचे बटण दाबायची सवय त्यांना लावू नका. ते रोज दाबले की इअरबड्स प्रत्येक वेळी ओळखीचा फोन सोडून नव्याच्या शोधात बसतात आणि ‘आज पुन्हा जोडले जात नाही’ अशी तक्रार सुरू होते.

पूर्ण चार्ज केल्यावर, रीसेट केल्यावर, आणि वडिलांच्या फोनबरोबरच घरातल्या आणखी एका फोनवर प्रयत्न केल्यावरही नाव दिसत नसेल, किंवा डावा बड एकटाही लागत नसेल, तर मात्र तो मालातला दोष आहे. अशा वेळी बिल, खोके आणि केबल घेऊन दुकानात जा. तिथे दुकानदारांनी पुन्हा आपल्याच फोनवर वाजवून दाखवले तर त्यावर थांबू नका, कारण त्या फोनमध्ये जुनी ओळख शिल्लक असू शकते आणि तिथे ते वाजतीलही. त्यांच्या फोनमधून नाव Forget करायला सांगा, इअरबड्स त्यांच्यासमोर रीसेट करून घ्या आणि वडिलांच्या फोनशी तिथेच पेअर करायला लावा. दोष असेल तर तो त्या वेळी दोघांनाही दिसेल, आणि माल बदलून मागताना वाद घालावा लागणार नाही.